खात्यातून पैसे परस्पर गेले, तर तक्रारीचे दिवस कसे मोजायचे?

आपण न केलेला व्यवहार खात्यात दिसला, तर नुकसान कोणी सोसायचं हे रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात ठरवून दिलं. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर काहीच येत नाही, तक्रार उशिरा केली तरी. ओटीपी किंवा पिन आपणच कुणाला दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान आपलं आणि त्यानंतरचं बँकेचं. चूक दोघांचीही नसून यंत्रणेत तिसरीकडेच कुठे असेल, तेव्हा मात्र सगळं दिवसांवर ठरतं.

हे दिवस कामकाजाचे असतात. ते आपल्या मूळ शाखेच्या वेळापत्रकाप्रमाणे धरतात आणि बँकेचा संदेश आला तो दिवस सोडून मोजतात. समजा, बचत खात्यातून 32,000 आणि 6,000 रुपये असे दोन व्यवहार झाले आणि दोन्हींचे एसएमएस गुरुवारी आले. शुक्रवार पहिला दिवस. पुढचा शनिवार महिन्यातला दुसरा, म्हणजे बँक बंद, रविवारही गेला. सोमवार दुसरा, मंगळवार तिसरा. मंगळवारपर्यंत कळवलं तर पूर्ण 38,000 बँकेने द्यायचे.

बुधवारी, म्हणजे चौथ्या दिवशी कळवलं तर? चार ते सात दिवसांच्या उशिराला साध्या बचत खात्यासाठी 10,000 रुपयांची मर्यादा आहे, पण ती प्रत्येक व्यवहाराला वेगळी लागते, आणि व्यवहाराची रक्कम त्याहून कमी असेल तर तेवढीच धरतात. म्हणून पहिल्याचे 10,000 आणि दुसऱ्याचे 6,000, असे 16,000 आपल्या अंगावर पडतात. एका दिवसाच्या उशिराची ही किंमत! शून्य शिलकीच्या मूलभूत बचत खात्याला ही मर्यादा 5,000 आहे. पाच लाखांपेक्षा जास्त मर्यादेच्या क्रेडिट कार्डाला 25,000. सात दिवस उलटले की बँकेच्या संचालक मंडळाने मंजूर केलेलं धोरण लागू होतं. ते बँकेच्या संकेतस्थळावर असतं, वाचून घ्या.

तक्रारीसाठी शाखा उघडण्याची वाट पाहू नका, बँकेची हेल्पलाइन चोवीस तास सुरू असायलाच हवी. फोनवर आधी कार्ड किंवा खात्यावरचे व्यवहार बंद करून घ्या आणि तक्रार क्रमांक मागा. पुढे वाद झालाच तर तो वेळेवरूनच होतो, त्यामुळे एसएमएस पुसू नका. त्याचा स्क्रीनशॉट, व्यवहाराचा संदर्भ क्रमांक आणि खात्याचा उतारा जोडून लेखी तक्रारही पाठवा. 1930 वर किंवा cybercrime.gov.in वर नोंद जरूर करा, पण त्याने बँकेला कळवल्यासारखं होत नाही.

तक्रारीपासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करायची आणि 90 दिवसांत निकाल द्यायचा. चूक ग्राहकाची आहे हे सिद्ध करणं बँकेचं काम आहे. ‘ओटीपी बरोबर टाकला गेला होता’ एवढ्याच उत्तरावर फाइल बंद होत असेल, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे जाता येतं. तीस दिवसांत बँकेचं उत्तरच आलं नाही, तरीही तिथे तक्रार करता येते.