रोपांची लांबट वाढ

घरात बियांपासून केलेली रोपे उंच, बारीक आणि फिकट होतात, शेंड्याच्या भाराने एका बाजूला कलतात आणि बाहेर लावल्यावर पहिल्या वाऱ्यातच आडवी पडतात, त्या अवस्थेला रोपांची लांबट वाढ म्हणतात. हा रोग नाही. तेव्हा त्यावर औषधही नाही, आणि खत घालून तर ती वाढतेच. ओळखण्याची सोपी खूण खालच्या दांड्यात असते. टोमॅटोच्या चांगल्या रोपात मातीपासून पहिल्या दोन गुळगुळीत पानांपर्यंतचा, म्हणजे बीजपत्रांपर्यंतचा दांडा तीन-चार सेंटिमीटरांचा आणि ताठ असतो. लांबलेल्या रोपात तो सात-आठ सेंटिमीटरांवर जातो, त्याचा रंग पांढुरका असतो आणि कुंडी हलवली की शेंडा डुलतो.

ही अडचण ग्वाल्हेरला विशेष जाणवते. उन्हाळी टोमॅटो, मिरची आणि वांग्याची रोपे फेब्रुवारीच्या उत्तरार्धात बाहेर लावायची, तर बी संक्रांतीच्या सुमारास टाकावे लागते. त्या दिवसांत रात्रीचे तापमान सरासरीने सहा-सात अंशांपर्यंत उतरते, दव गोठण्याचीही भीती असते, म्हणून ट्रे घरात येतो. पण घरात उजेड कमी पडतो. दिवस साडेदहा तासांच्या आसपास असतो आणि दाट धुके पडले की सकाळचे कितीतरी तास त्यातून वजा होतात. शहराच्या लष्कर भागातल्या जुन्या घरांच्या जाड दगडी भिंती आणि खोल खिडक्या उन्हाळ्यात सुखाच्या असतात, पण रोपांना त्यांचा काडीचा उपयोग नाही.

लांबण्यामागे दोन वेगळी कारणे असतात आणि दोन्हींचा उपायही वेगळा आहे. पहिले कारण उजेडाची एकूण कमतरता. मातीखाली रुजलेले बी साठवलेल्या अन्नावर जगते. ते अन्न संपण्याआधी वर पोहोचायचे, म्हणून अंधारात रोप पाने आणि मुळे यांवर खर्च न करता सगळा जोर दांडा लांबवण्यावर लावते. दांड्यातल्या पेशी ताणून लांब होतात. ऑक्सिन आणि जिबरेलिन ही वाढद्रव्ये ते काम करतात. पुरेसा उजेड, विशेषतः त्यातला निळा आणि तांबडा भाग, मिळाला की ही धाव थांबते. अंधूक खोलीत ती अर्धवटच थांबते. दुसरे कारण शेजार. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषते, पण त्याच्या पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा अतितांबडा प्रकाश परावर्तित करते आणि आरपारही जाऊ देते. फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य या दोन प्रकाशांचे प्रमाण मोजते. अतितांबडा वाढला म्हणजे बाजूला कोणीतरी आहे, हे रोपाला सावली पडण्याआधीच कळते आणि ते शेजाऱ्याच्या वर जाऊ पाहते. म्हणून दाटीत उगवलेली रोपे चांगल्या उजेडातही लांबतात.

उजेडाच्या बाबतीत डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. भर उन्हात साधारण एक लाख लक्स उजेड असतो. आपल्याला लख्ख वाटणाऱ्या खोलीत, खिडकीपासून दोन मीटर आत, तो काही शेच उरतो. डोळा उजेडाशी जुळवून घेऊन हा फरक झाकतो, पानाला तशी सोय नाही. जागा निवडायची तर दक्षिणेची खिडकी. जानेवारीत ग्वाल्हेरला माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून चाळीस ते पंचेचाळीस अंशच वर असतो, त्यामुळे दक्षिणेचे ऊन तिरपे होऊन खोलीत बरेच आत येते. (जूनमध्ये सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा हीच खिडकी रोपांसाठी कुचकामी ठरते.) रोपे काचेकडे झुकतात, म्हणून ट्रे रोज अर्धा फिरवावा. फिरवल्याने रोप सरळ राहते, लांबायचे मात्र थांबत नाही. सरळ पण बारीक रोपे पाहून अनेकांची फसगत होते ती इथेच.

धुक्याचे दिवस आठवडाभर चालले की खिडकी पुरत नाही. तेव्हा नेहमीच्या पांढऱ्या एलईडी ट्यूब चालतात. जांभळ्या उजेडाचे महागडे दिवे लागतातच असे नाही. चार फुटी, वीस वॉटच्या दोन ट्यूब शेजारी-शेजारी लावून पानांच्या शेंड्यापासून दहा ते पंधरा सेंटिमीटरांवर ठेवाव्यात आणि रोज चौदा ते सोळा तास चालू ठेवाव्यात. अंतर सर्वांत महत्त्वाचे. ट्यूबजवळच्या पट्ट्यात अंतर दुप्पट केले की उजेड साधारण निम्म्यावर येतो, म्हणून छताच्या ट्यूबलाइटखाली टेबलावर ठेवलेला ट्रे अंधारात असल्यासारखाच. ट्यूब दोरीने टांगली की रोपांबरोबर वर सरकवता येते. रात्रभर दिवा ठेवल्याने आणखी फायदा होईल असे वाटते, पण टोमॅटोला अखंड उजेड मानवत नाही. पानांवर पिवळे डाग पडतात.

तापमानाचा भाग थोडा गुंतागुंतीचा आहे. बी रुजायला ऊब लागते. टोमॅटो आणि मिरचीसाठी पंचवीस ते तीस अंश उत्तम, म्हणून थंडीत ट्रे फ्रिजच्या वर ठेवायची चाल आहे आणि ती योग्यही आहे. पण रोप मातीबाहेर आले की तीच ऊब नडते. उबेत वाढीचा वेग वाढतो, उजेड मात्र तेवढाच राहतो, आणि जास्तीचा वेग सगळा दांड्याच्या लांबीत जातो. उबदार अंधारात टोमॅटोचा दांडा दिवसाला सेंटिमीटरभर किंवा त्याहून जास्त वाढतो. उगवलेल्या टोमॅटोला दिवसा अठरा ते एकवीस आणि रात्री पंधरा-सोळा अंश पुरतात. मिरचीला दोन-तीन अंश जास्त. उजेड जितका कमी, तितकी ऊबही कमी ठेवावी. खोलीत ब्लोअर लावायचा असेल तर ट्रे त्याच्या झोतात नको.

दिवस आणि रात्र यांच्या तापमानातला फरकही लांबीवर परिणाम करतो. 1980च्या दशकात अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात जॉन अर्विन आणि रॉयल हाइन्झ यांनी दाखवले की दिवस रात्रीपेक्षा जितका गरम, तितके अनेक रोपांचे दांडे लांब होतात. दोन्ही तापमाने सारखी ठेवली तर झाड बुटके राहते. ग्वाल्हेरच्या काचेपाशी नेमकी उलटी स्थिती असते. दुपारी बंद काचेमागे तापमान तीस अंशांच्या पुढे जाते, आणि रात्री तीच काच गारठते. म्हणून दुपारी खिडकी थोडी उघडावी आणि रात्री ट्रे काचेपासून हातभर आत घ्यावा. सकाळ होताच तो पुन्हा काचेशी हवाच. ग्रीनहाउसवाले सूर्योदयाच्या सुमारास दोनेक तास हवा मुद्दाम थंड करतात, कारण दांड्याची वाढ त्या वेळी तापमानाला फार संवेदनशील असते. घरी हे खिडकी किलकिली करून साधते, पण दहा अंशांच्या खाली ट्रे फार वेळ राहू नये. टोमॅटोची पाने खालून जांभळी झाली आणि वाढ ठप्प झाली, तर थंडी जास्त झाली असे समजावे.

विरळणी बहुतेकांना जिवावर येते. कुंडीत चिमूटभर बी टाकले की तीस-चाळीस रोपे येतात आणि एकही काढवत नाही. पहिले खरे पान, म्हणजे टोमॅटोत कातरलेल्या कडेचे पान, दिसू लागले की विरळणीची वेळ झाली. प्रोट्रेच्या प्रत्येक खणात एक रोप आणि उघड्या ट्रेत चार-पाच सेंटिमीटरांवर एक, एवढेच ठेवावे. नको असलेले रोप उपटू नये. मुळे एकमेकांत गुंतलेली असतात आणि राखायचे रोपही हलते. नखे कापायच्या छोट्या कात्रीने ते मातीलगत कापावे. कोणते ठेवायचे? सर्वांत उंच ते जोमदार, असे वाटते, पण बहुधा तेच लांबलेले असते. बुटके, जाड दांड्याचे, गडद हिरवे रोप ठेवावे. पानाला पान लागेपर्यंत थांबले तर उशीर झालेला असतो, कारण शेजाऱ्याचा अतितांबडा प्रकाश त्याआधीच पोहोचलेला असतो.

एकाच पुड्यातले टोमॅटोचे बी 14 जानेवारीला दोन ट्रेत टाकले आणि दोन्ही फ्रिजवर ठेवले, असे समजू. साधारण 20 तारखेला संध्याकाळी दोन्हींत पहिले वाकडे अंकुर दिसतात. पहिला ट्रे त्याच रात्री खाली उतरून ट्यूबखाली, सतरा-अठरा अंशांच्या खोलीत जातो. दुसरा ‘सगळे उगवू दे’ म्हणून आणखी दोन रात्री वर राहतो आणि मग खिडकीपासून दूर टेबलावर येतो. 23 तारखेला पहिल्यात दांडे तीन सेंटिमीटरांच्या आत आहेत, दुसऱ्यात पाच-सहा. पुढे दुसराही ट्यूबखाली आणला तर नवी पाने एकमेकांच्या जवळ येतात, पण खालचा दांडा तसाच राहतो, कारण ताणलेली पेशी पुन्हा आखूड होत नाही. म्हणून सर्व बी उगवायची वाट न बघता, तिसरा हिस्सा अंकुरला की ट्रे उजेडात न्यावा. मागाहून येणारी रोपे तिथेही उगवतात.

बाहेर नेण्याआधी सात ते दहा दिवस रोपे रोज थोडा-थोडा वेळ गच्चीवर किंवा अंगणात ठेवतात, आधी सावलीत, मग उन्हात. वाऱ्याने दांडा हलला की तो जाड होतो. घरातही दिवसातून दोन-तीनदा शेंड्यांवरून तळहात हलकेच फिरवला तर थोडा तोच परिणाम मिळतो, पण उजेडाची भरपाई त्याने होत नाही.

लांबलेला टोमॅटो वाचवता येतो. पुनर्लागवडीच्या वेळी तो बीजपत्रांपर्यंत मातीत पुरावा. पुरलेल्या दांड्यावर नवी मुळे फुटतात. थंड मातीत फार खोल खड्डा करण्यापेक्षा दांडा आडवा पुरून शेंडा वर वळवणे बरे. मिरची आणि वांग्याला अशी मुळे कमी फुटतात, त्यांना एक-दोन सेंटिमीटरच खोल लावावे. पेटुनिया आणि सॅलडच्या पानांना तर मुळीच खोल लावू नये. वाढीचा बिंदू मातीत गेला की ते सडतात. ही रोपे लांबली तर नव्याने बी टाकणेच स्वस्त पडते.

आडवे पडलेले रोप लांबट आहे की कोलमड रोगाने गेले आहे, हे आधी पाहावे. लांबट रोप मधेच वाकते, दांडा सगळीकडे सारखा असतो आणि काडीचा आधार दिला की ते उभे राहते. कोलमड रोगात दांडा नेमका मातीच्या पातळीवर पाणचट होऊन दोऱ्यासारखा आवळतो. ते रोप आधाराने उठत नाही. ते आजूबाजूच्या मातीसकट काढून टाकावे आणि पाणी तोडावे.