स्नायू वाढल्याने रोज किती कॅलरी जळतात?

“एक किलो स्नायू वाढले की बसल्याजागी रोज शंभर कॅलरी जास्त जळतात, असं दादरच्या आमच्या जिममध्ये सांगतात. खरं आहे का?”

नाही. विश्रांतीच्या स्थितीत एक किलो स्नायूंना दिवसाला सुमारे १३ कॅलरी लागतात आणि एक किलो चरबीला साधारण ४.५. विश्रांतीतील बहुतांश ऊर्जा यकृत, मेंदू, हृदय व मूत्रपिंडे वापरतात आणि व्यायामाने ही इंद्रिये स्नायूंसारखी वाढत नाहीत. समजा, चिकाटीने तीन किलो स्नायू कमावले, तर रोजचा खर्च ३९ कॅलरींनी, म्हणजे चहातील दोन चमचे साखरेइतकाच वाढेल. त्याच काळात तीन किलो चरबी घटली, तर निव्वळ वाढ जेमतेम २५ उरेल. प्रत्यक्ष व्यायामात खर्च होणारी ऊर्जा मात्र या हिशेबात धरलेली नाही.