सर्वेअरचा रिपोर्ट गेला, तरी क्लेमचे पैसे आले नाहीत: मेल कधी आणि कशी करायची
(आमच्या आयातदार-निर्यातदार ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा आणि जालन्याहून आम्हाला आठवड्यात दोन-तीन तरी फोन एकाच गोष्टीसाठी येतात. "साहेब, कंटेनर भिजला, सर्वेअर येऊन गेला, तीन महिने झाले, विमा कंपनी पैसे देत नाही. एक कडक मेल टाकून द्या." मेल आम्ही करून देतो, तो आमचा रोजचा धंदा आहे. मात्र त्याआधी आम्ही तीन तारखा विचारतो, आणि बहुतेकांना त्यातली मधली तारीख सांगता येत नाही. ही तारीख कोणती आणि तिच्याशिवाय मेल का फुकट जाते, हे फोनवर सांगून नीट समजत नाही, म्हणून हे पत्रक काढले.

पहिली तारीख म्हणजे तुम्ही विमा कंपनीला नुकसान कळवले तो दिवस. दुसरी, सर्वेअरचा अंतिम रिपोर्ट कंपनीच्या हातात पडला तो दिवस. तिसरी, कंपनीने मागितलेला शेवटचा कागद तुम्ही दिला तो दिवस. पैसे देण्याची मुदत दुसऱ्या किंवा तिसऱ्या तारखेपासून मोजली जाते, दोन्हींत जी नंतरची असेल तिच्यापासून. तुम्ही मात्र पहिल्या तारखेपासून मोजता. "तीन महिने झाले" असे लिहिलेली मेल क्लेम विभागातला माणूस उघडतो, फाईलवर रिपोर्टची तारीख बघतो, मुदत अजून संपलेली नाही असे दिसते आणि "प्रक्रिया सुरू आहे" एवढे उत्तर पाठवतो. त्याचे उत्तर चूक नसते. तुमच्या पुढच्या मेलकडे मात्र तो त्याच नजरेने बघतो.

इथे एक गैरसमज फार आढळतो. सर्वेअर येऊन गेला म्हणजे रिपोर्ट गेला असे नसते. तो माल पाहतो, फोटो काढतो, नमुना घेतो, आणि कंपनीला कळवतो ते बहुधा प्राथमिक टिपण असते. मग तुमच्याकडून क्लेम बिल, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग, जहाज कंपनीला दिलेली नुकसानीची नोटीस आणि खराब मालाचे म्हणजे सॅल्व्हेजचे कोटेशन मागतो. हे सगळे मिळाल्याशिवाय तो अंतिम रिपोर्ट लिहीत नाही. आमच्याकडे "सर्वेअरनेच उशीर लावला" म्हणून आलेल्या कितीतरी फाइलींत त्याची कागदांची यादी ग्राहकाच्याच इनबॉक्समध्ये न वाचता पडलेली सापडली आहे. म्हणून पाठपुराव्याची मेल लिहिण्याआधी आपला स्पॅम फोल्डर आणि अकाउंटंटचा इनबॉक्स तपासा.

रिपोर्ट कधी गेला हे कळायचा सरळ मार्ग म्हणजे विचारणे. "अंतिम सर्वे रिपोर्ट आपल्याला कोणत्या तारखेस मिळाला ते कृपया कळवावे व त्याची प्रत द्यावी" अशी दोन ओळींची मेल कंपनीला करा आणि सर्वेअरला प्रतीत ठेवा. सर्वेअरला रोज फोन करून उपयोग नाही. रिपोर्ट दिला की त्याचे काम संपते, चेक त्याच्या हातात नसतो. त्याला त्रास देऊन आपला क्लेम लवकर सुटत नाही, हे आम्ही ग्राहकांना समजावून थकलो, तरी फोन चालूच असतात.

आता ज्या चुकीपायी सगळ्यात जास्त वेळ जातो, ती सांगतो. पाठपुराव्याच्या मेलला लोक कागद जोडतात. आधी दिलेले इनव्हॉइस पुन्हा, बिल ऑफ लेडिंग पुन्हा, आणि सोबत एखादे नवे बिल, "हेही बघा" म्हणून. हेतू चांगला असतो, पण नवा कागद आला की शेवटच्या कागदाची तारीख पुढे सरकते, आणि तिच्याबरोबर पैशांची मुदतही.

वाळूजच्या एका कारखान्याचे प्रकरण सांगतो. नाव लिहीत नाही, पण तारखा त्यांच्या फाइलीतल्या आहेत. त्यांनी बाहेरून कोल्ड रोल्ड स्टीलचे बारा कॉइल मागवले होते. न्हावा शेव्यात कंटेनर उतरला, रस्त्याने वाळूजला आला आणि १२ सप्टेंबर २०२२ ला दार उघडले तेव्हा चार कॉइल गंजलेले निघाले. पॉलिसी इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉज 'ए' ची, म्हणजे समुद्राचे पाणी शिरून झालेले नुकसान तिच्यात बसत होते. त्यांनी त्याच दिवशी कळवले. १४ तारखेला सर्वेअर नेमला गेला, १५ ला तो आला. त्याने गंजावर पुसलेल्या कापसावर सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले आणि कापूस दुधासारखा पांढरा झाला. क्षार आहेत, पाणी समुद्राचे आहे, कंटेनरमध्ये आत सुटलेल्या घामाचे किंवा पावसाचे नाही, हे तिथल्या तिथे दिसले. क्लेम तिथेच अर्धा सिद्ध झाला म्हणा.

कागदांची यादी १७ सप्टेंबरला आली, कारखान्याने क्लेम बिल ३ ऑक्टोबरला दिले, अंतिम रिपोर्ट ११ ऑक्टोबरला कंपनीकडे गेला. सर्वेअरने ५,६२,००० रुपये नुकसान धरले. त्या वेळी लागू असलेल्या २०१७ च्या विमाधारक हितरक्षण नियमांनुसार सर्वेअरला नेमणुकीपासून ३० दिवस होते, त्याने २७ दिवसांत दिला. कंपनीला रिपोर्ट मिळाल्यापासून ३० दिवस, म्हणजे १० नोव्हेंबरपर्यंत. दिवाळी होताच २८ ऑक्टोबरला कारखान्याने पहिली मेल टाकली, "दीड महिना झाला". कंपनीने मुदत बाकी असल्याचे कळवले. मालक चिडले. १४ नोव्हेंबरला, म्हणजे मुदत उलटून चौथ्या दिवशी, त्यांनी दुसरी मेल टाकली. वेळ अगदी बरोबर होती. पण त्या मेलला त्यांनी जुने सगळे कागद पुन्हा जोडले आणि वर कॉइल पुसून तेल लावल्याचे १८,४०० रुपयांचे नवे बिल लावले.

नवी मागणी आली म्हणून कंपनीने फाईल सर्वेअरकडे परत पाठवली. पुरवणी रिपोर्ट ७ डिसेंबरला आला. त्या १८,४०० पैकी ९,२०० मंजूर झाले, कारण निम्मे काम चांगल्या कॉइलवर झाले होते. आणि मुदत गेली ६ जानेवारी २०२३ वर. ९,२०० रुपयांसाठी ५,६२,००० जवळपास दोन महिने अडकले. नुकसान आणखी वाढू नये म्हणून केलेला खर्च मागायला काहीच हरकत नाही, तो तुमचा हक्कच आहे. पण तो क्लेम बिलातच धरायचा, किंवा मागे राहिलाच तर वेगळ्या मेलने मागायचा आणि त्यात स्पष्ट लिहायचे की मंजूर झालेली मूळ रक्कम आधी द्यावी, हा खर्च नंतर पाहावा.

मालक आमच्याकडे २७ डिसेंबरला आले. आम्ही त्यांना थांबा म्हणालो, ते त्यांना आवडले नाही. मुदत संपल्यावर लगेचचा कामाचा दिवस सोमवार ९ जानेवारी होता, त्या सकाळी मेल गेली. एकही कागद न जोडता. २० तारखेला पैसे जमा झाले.

मेल इंग्रजीतच जाते, पण मजकूर साधारण असा असतो:

"विषय: क्लेम क्रमांक, पॉलिसी क्रमांक, बिल ऑफ लेडिंग क्रमांक. थकीत दाव्याची रक्कम.
महोदय, या दाव्याचा मूळ सर्वे रिपोर्ट आपल्याला ११ ऑक्टोबर २०२२ रोजी आणि पुरवणी रिपोर्ट ७ डिसेंबर २०२२ रोजी मिळाला. आपण मागितलेला कोणताही कागद आमच्याकडे बाकी नाही. रिपोर्टनुसार ५,७१,२०० रुपये देय आहेत व निर्णयाची मुदत ६ जानेवारी २०२३ रोजी संपली आहे. रक्कम कोणत्या तारखेस जमा होईल ते कळवावे. काही कागद अपुरा वाटत असल्यास त्याचे नाव लेखी कळवावे. उशिराच्या दिवसांचे व्याज नियमानुसार मूळ रकमेसोबत द्यावे."

"बाकी नाही" हे वाक्य गाळू नका. ते लिहिल्यावर कंपनीला नेमका कागद सांगावा लागतो, किंवा पैसे द्यावे लागतात. व्याजाची ओळही मोठ्या रकमेसाठी नसते. नियमाप्रमाणे ते त्या आर्थिक वर्षाच्या सुरुवातीच्या बँक रेटपेक्षा २ टक्के जास्त, म्हणजे या प्रकरणात ६.२५ टक्के, दिवसाला साधारण ९८ रुपये. पण व्याज मागितले की फाईल वरच्या माणसाकडे जाते.

ही मेल जुन्याच धाग्यावर उत्तर म्हणून पाठवा, नवा विषय सुरू करू नका. सगळा इतिहास खाली दिसला पाहिजे. एजंटला प्रतीत ठेवा, पण मुख्य पत्ता क्लेम विभागाचा हवा. एजंट पॉलिसी विकतो, क्लेम मंजूर करत नाही. एक आठवडा उत्तर आले नाही तर तोच मजकूर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवायचा. तिथेही थंड पडले तर विमा नियामकाचे बिमा भरोसा पोर्टल आहे.

२०१७ चे नियम २०२४ मध्ये बदलले आणि मुदती आणखी कमी झाल्या. म्हणून आमची किंवा शेजारच्या कारखान्याची जुनी मेल उतरवू नका. तिच्यातले ३० दिवस तुमच्या क्लेमला लागू असतीलच असे नाही. पॉलिसीसोबत मिळालेल्या कागदांत जी मुदत छापली आहे, तीच मेलमध्ये लिहा.

काही जण म्हणतात, चार ओळींच्या मेलची फी कशाला. फी ओळींची नसते. सर्वेअरची यादी, रिपोर्टच्या तारखा आणि पुरवणी कागद एकमेकांशी जुळवायला आम्हाला अर्धा दिवस जातो, कधी जास्त. तारखा तुमच्याकडे नीट असतील तर वरचा मजकूर वापरून स्वतः पाठवा, आम्हाला आनंदच आहे. पाठवण्याआधी मसुदा दाखवलात तर तो आम्ही फी न घेता वाचून देतो. नव्या कंटेनरची पॉलिसी घेतानाच आमच्याकडे आलात तर तारखांची वही आम्ही पहिल्या दिवसापासून ठेवतो, आणि ती सेवा वर्षाच्या करारात धरलेली असते.

ऑफिसला येताना पॉलिसी, सर्वेअरच्या कागदांच्या यादीची मेल आणि तुम्ही कंपनीला आजवर पाठवलेल्या सगळ्या मेलची छापील प्रत आणा. रागात टाकलेली मेलसुद्धा आणा, ती लपवू नका. तिला काय जोडले होते ते पाहिल्याशिवाय आम्हाला मुदत मोजता येत नाही.