पोकरमधली जागा आणि मधल्या पानांची अडचण

पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला आणि पोकर हा नशिबाचा खेळ की कौशल्याचा, हा जुना वाद पुन्हा वर आला. या वादात दोन्ही बाजू बहुधा हाती येणाऱ्या पानांविषयीच बोलतात. खेळाडूवर निर्णयाची पाळी कितव्या क्रमांकाने येते, याचा उल्लेख क्वचितच होतो. पण तीच पाने, तेच नियम आणि तितकेच निष्णात खेळाडू असले, तरी केवळ पाळीच्या क्रमामुळे एकाला तोटा होतो, हे गणिताने दाखवता येते.

अमेरिकी गणिती हॅरॉल्ड कून यांनी १९५० मध्ये मांडलेला एक चिमुकला पोकर त्यासाठी पुरेसा आहे. त्यात राजा, राणी आणि गुलाम अशी तीनच पाने असतात. दोन खेळाडू मध्ये एकेक नाणे टाकतात आणि प्रत्येकाला एकेक पान मिळते. पहिला खेळाडू एका नाण्याची बोली लावू शकतो किंवा बोली न लावता ‘चेक’ म्हणून पाळी पुढे देऊ शकतो. समोरून बोली आली, तर तितकेच नाणे टाकून ‘कॉल’ करायचे किंवा पान टाकून ‘फोल्ड’ व्हायचे. दोघांनीही चेक केले तर पाने उघडायची आणि मोठे पान असेल त्याने नाणी उचलायची. दोघेही निर्दोष खेळले, तरी पहिला खेळाडू सरासरीने दर डावात नाण्याचा अठरावा हिस्सा हरतो.

हा अठरावा हिस्सा जातो कुठे, हे शोधणे मला निकालापेक्षाही अधिक मनोरंजक वाटते. पहिल्या खेळाडूला एकाहून अधिक निर्दोष डावपेच उपलब्ध आहेत आणि त्या सर्वांचा अंतिम हिशेब सारखाच निघतो. त्यांपैकी सर्वांत सोपा घेऊ. तो सुरुवातीला नेहमी चेक करतो आणि समोरून बोली आल्यास राजावर कॉल करतो, गुलाम टाकून देतो आणि राणीवर तीनपैकी एकदाच कॉल करतो. दुसरा खेळाडू राजावर नेहमी बोली लावतो, राणीवर चेक करतो आणि गुलामावर तीनपैकी एकदा फसवी बोली लावतो. आता हिशेब केला, तर राजा कोणाच्याही हाती असला तरी त्याला सरासरी ७/६ नाणी मिळतात आणि गुलामाला दोन्ही जागांवर एक नाणे गमवावे लागते. म्हणजे उत्तम आणि वाईट पानांना जागेमुळे काहीच फरक पडत नाही.

फरक पडतो तो फक्त राणीला. दुसऱ्या खेळाडूकडे राणी असेल, तर पहिल्याने चेक केल्यावर तोही चेक करून पाने उघडतो. निम्म्या वेळा समोर राजा असतो, निम्म्या वेळा गुलाम असतो आणि हिशेब शून्यावर येतो. पहिल्याच्या हातातली राणी मात्र चेक केल्यानंतरही सुटत नाही, कारण शेवटचा शब्द तिचा नसतो. समोर राजा असेल तर बोली येतेच आणि राणी टाकून दिली तरी एक नाणे जाते. समोर गुलाम असेल, तर तीनपैकी दोनदा एक नाणे मिळते आणि एकदा फसव्या बोलीपुढे माघार घेऊन एक नाणे जाते, म्हणजे सरासरी फक्त १/३ नाणे हाती लागते. दोन्ही शक्यता मिळून राणीचा तोटा १/३ नाणे इतका होतो आणि माघारीऐवजी कॉल केला तरी आकडा तोच येतो. (हे कागदावर करून पाहावे, पाच मिनिटे लागतात.) शेवटी पाळी येण्याचा सगळा फायदा अशा रीतीने मधल्या पानात साठलेला असतो.

आता नऊ जणांच्या टेक्सस होल्डेम या खऱ्या पोकरच्या प्रकाराकडे येऊ. प्रत्येकाला दोन पाने मिळतात आणि पुढे टेबलावर पाच सामाईक पाने उघडली जातात. वाटणाऱ्याची खूण असलेली ‘बटन’ नावाची चकती दर डावाला एक जागा पुढे सरकते. तिच्या डावीकडचे दोघे ‘ब्लाइंड’ म्हणजे पाने पाहण्याआधीची सक्तीची रक्कम टाकतात आणि त्यांच्यानंतरच्या खेळाडूला सर्वांत आधी बोलावे लागते. या जागेला ‘अंडर द गन’ म्हणतात. बटन फिरत असल्यामुळे ही जागाही फिरते, तेव्हा नशीब पालटावे म्हणून खुर्ची बदलून मागण्याने पाने बदलत नाहीत.

समजा, या पहिल्या जागेवर इस्पिक एक्का आणि बदाम दश्शी आली. नवख्याला एक्का दिसला की बोली लावावीशी वाटते. उरलेल्या ५० पानांतून दोन पानांच्या १,२२५ जोड्या होतात. त्यांतल्या ३९ जोड्या आपल्या एक्का-दश्शीवर भारी पडतात, म्हणजे दोन एक्के, किंवा एक्क्यासोबत राजा, राणी वा गुलाम. आणि दोन दश्श्यांपासून दोन राजांपर्यंतच्या सारख्या पानांच्या जोड्या आणखी २१. म्हणजे एका खेळाडूकडे या ६० पैकी काही असण्याची शक्यता पाच टक्क्यांहूनही किंचित कमी आहे. पण मागे आठ खेळाडू बोलायचे आहेत आणि त्यांच्यापैकी निदान एकाकडे अशी पाने असण्याची शक्यता सुमारे ३३ टक्के होते. हीच पाने बटनवर आली आणि आधीचे सर्व फोल्ड झाले, तर मागे फक्त दोन ब्लाइंड उरतात आणि ही शक्यता दहा टक्क्यांच्या आत राहते.

पहिल्या तीन सामाईक पानांत, म्हणजे फ्लॉपवर, एक्का, सत्ती आणि चौकी आली असे धरू. आपल्याकडे एक्क्यांची जोडी आहे, पण सोबतचे पान दश्शीच आहे. आपण बोली लावतो आणि बटनवरचा खेळाडू शांतपणे कॉल करतो. पुढच्या पानावर पुन्हा आपल्यालाच आधी बोलायचे आहे. बोली लावली, तर दुबळी पाने निघून जातात आणि एक्का-राणी, एक्का-राजा मागे राहतात. चेक केले, तर समोरच्याची बोली खरी की फसवी, हे कळत नाही. जिंकताना थोडे जिंकायचे आणि हरताना बरेच हरायचे, अशी ही कुनांच्या राणीचीच अवस्था आहे.

म्हणून पहिल्या जागेवर मधली पानेच गाळायची असतात. पूर्ण टेबलावर सुरुवात म्हणून सत्तीपासून वरच्या सारख्या पानांच्या सर्व जोड्या, एक्का-राजा आणि एक्का-राणी कोणत्याही रंगांचे, तर एक्का-गुलाम, एक्का-दश्शी आणि राजा-राणी फक्त एकाच रंगाचे असतील तरच खेळावेत. ५२ पानांतून होणाऱ्या १,३२६ जोड्यांपैकी या ९२ आहेत, म्हणजे साधारण १४ डावांत एक. एकाच रंगाने जिंकण्याची शक्यता दोन-तीन टक्क्यांनीच वाढते. तरीही अट घालण्याचे कारण असे की, त्या रंगाची आणखी तीन पाने आली की हात मधला न राहता थेट वरच्या श्रेणीत जातो. बटनवर हाच निवडीचा पल्ला चाळीस टक्क्यांपर्यंत नेता येतो.

ही यादी सर्वत्र लागू पडत नाही. सहा जणांच्या टेबलावर पहिल्या खेळाडूच्या मागे पाचच जण असतात, त्यामुळे लहान जोड्या आणि भिन्न रंगांचा एक्का-गुलामही घेता येतो. स्पर्धेत चिप्स दोन ब्लाइंडांपैकी मोठ्या ब्लाइंडच्या रकमेच्या दहापट इतक्याच उरल्या असतील, तर पाने पाहून सर्व चिप्स लावायच्या किंवा फोल्ड व्हायचे, एवढाच निर्णय राहतो. फ्लॉपनंतर बोलायचेच नसल्यामुळे कुनांच्या राणीची अडचण तिथे जवळजवळ संपते आणि मागे किती जण उरले आहेत, एवढीच गोष्ट मोजावी लागते.