नव्वद दिवसांचे घड्याळ: शाखेच्या लेखापरीक्षणात एनपीए इथवर कसा आला

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बँकेच्या शाखेत आलेला सीए थकीत कर्जाचे दिवस मोजतो आणि नव्वद दिवस भरले की ते एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज, ठरवतो, हे आज सगळ्यांच्या अंगवळणी पडले आहे. १९९२ पूर्वी मात्र मोजायला दिवसच नव्हते. रिझर्व्ह बँकेने १९८५ मध्ये ‘हेल्थ कोड’ आणले होते. समाधानकारक खात्यापासून बुडीत व संशयित खात्यापर्यंत एकूण आठ. कोणत्या खात्याला कोणता कोड लावायचा हे बरेचसे बँकेच्या मतावर ठरे. दावा दाखल झाला किंवा हुकूमनामा मिळाला की कोड बदलणे भाग पडे, पण तोपर्यंत आजारी खात्यावरही व्याज नावे पडत राही आणि ते नफ्यात दिसे. ज्या कर्जाची वसुली थांबली आहे तेच कर्ज कागदावर कमाई करत होते.

नरसिंहम समितीने नोव्हेंबर १९९१ च्या अहवालात नेमके यावर बोट ठेवले. त्यावरून एप्रिल १९९२ मध्ये उत्पन्न-मान्यता, वर्गीकरण आणि तरतुदीचे नियम आले. मुख्य बदल असा की एनपीए खात्यावरचे व्याज आकारणीने नव्हे, तर हातात रोख आल्यावरच उत्पन्नात घ्यायचे. घड्याळ मात्र हळूहळू आवळले गेले. मार्च १९९३ ला चार तिमाही थकलेले कर्ज एनपीए धरत, १९९४ ला तीन, १९९५ पासून दोन. त्यातही देय तारखेनंतर तीस दिवसांची सवलत होती, ती मार्च २००१ पासून गेली. ३१ मार्च २००४ पासून नव्वद दिवस लागू झाले. शेतीकर्जाला हे घड्याळ लागत नाही. तिथे अल्प मुदतीच्या पिकांसाठी दोन हंगाम आणि दीर्घ मुदतीच्या पिकासाठी एक हंगाम थकबाकी धरतात.

घड्याळ कडक झाले तशी पळवाटही मार्चअखेरीला सरकली. ३० तारखेला खात्यात मोठी रक्कम यायची, खाते ‘स्टँडर्ड’, म्हणजे निरोगी, व्हायचे आणि एप्रिलमध्ये रक्कम परत जायची. रिझर्व्ह बँकेच्या २०१५-१६ च्या मालमत्ता-गुणवत्ता पडताळणीत अशी झाकलेली कर्जे मोठ्या प्रमाणावर उघडी पडली. मार्च २०१८ पर्यंत बँकांचा ढोबळ एनपीए अकरा टक्क्यांच्या वर गेला. पुढे वर्गीकरण संगणकावर सोपवायला सांगितले गेले. १२ नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकाने शंकेला फारशी जागा ठेवली नाही. वर्गीकरण रोजच्या दिवसअखेरीला करायचे. ३१ मार्चचा हप्ता थकला, तर ३० एप्रिलला खाते एसएमए-१, म्हणजे धोक्याच्या पहिल्या इशाऱ्याचे, ३० मे रोजी एसएमए-२ आणि २९ जूनला एनपीए. सगळी थकबाकी, मुद्दल आणि व्याज दोन्ही, भरल्याशिवाय मुदत कर्जाचे खाते वर चढत नाही.

मग लेखापरीक्षकाला काम उरते कुठे? संगणकाला जे खाऊ घातले जाते तिथे. समजा, एका व्यापाऱ्याची कॅश क्रेडिट मर्यादा ५० लाख आणि येणे ४८ लाख आहे. २० डिसेंबरला आलेल्या स्टॉक स्टेटमेंटप्रमाणे ड्रॉइंग पॉवर, म्हणजे तारणातल्या मालावरून ठरणारी उचलीची मर्यादा, ४१ लाखांवर आली, पण शाखेने ती प्रणालीत ५० लाखच ठेवली. प्रणालीला खाते मर्यादेत दिसते. खरे पाहता २० डिसेंबरपासून येणे ड्रॉइंग पॉवरपेक्षा जास्तच आहे, आणि २० मार्चला नव्वद दिवस भरतात. २९ मार्चला ८ लाख जमा होतात आणि येणे ४० लाखांवर उतरते. व्यवस्थापक म्हणतात, “साहेब, आता खाते ड्रॉइंग पॉवरमध्ये आहे ना?” जमेचा माग काढला, तर ती रक्कम त्याच दिवशी त्याच शाखेने व्यापाऱ्याच्या मुलाच्या नावे दिलेल्या नव्या कर्जातून आलेली असते. ४ एप्रिलला ती परत निघून गेलेली असते. नव्या कर्जाने जुने झाकणे ही वसुली नव्हे.

मधल्या तिमाहीतल्या जमाही अशाच: एका भावकीच्या फर्मकडून आलेल्या आणि दुसऱ्या दिवशी तिकडेच गेलेल्या. म्हणून जानेवारी ते मार्चचे १.३२ लाख व्याज, जे नावे पडून उत्पन्नात गेले, पण कधी वसूल झाले नाही, ते उलटवावे लागते. उरलेल्या ३८.६८ लाखांवर, तारणाची सोय असल्याने, सबस्टँडर्ड, म्हणजे एनपीएच्या पहिल्या पायरीच्या, दराने १५ टक्के म्हणजे सुमारे ५.८० लाखांची तरतूद लागते. याच व्यापाऱ्याचे शाखेत दुसरे मुदत कर्ज वेळेवर चालू असले, तरी तेही एनपीए होते, कारण वर्गीकरण खात्याचे नसून कर्जदाराचे असते. नव्या शाखाधिकाऱ्यांना हे पटवायला सर्वांत जास्त वेळ जातो. मुलाचे कर्ज वेगळ्या नावावर असल्याने ते आपोआप यात येत नाही, पण त्याच्या मंजुरीवर लेखापरीक्षकाने शेरा मारायलाच हवा.

शाखेची वही मार्चला बंद झालेली असते, त्यामुळे हे बदल थेट नोंदवता येत नाहीत. लेखापरीक्षक ते ‘मेमोरँडम ऑफ चेंजेस’मध्ये लिहितो आणि मुख्य कार्यालय ते एकत्रित ताळेबंदात उतरवते. एनपीएची तारीख मात्र तिथे २० मार्चच लिहिली पाहिजे, ३१ मार्च नव्हे, कारण संशयित वर्गात जायचे बारा महिने तिथूनच मोजले जातात.