ताटल्यांच्या चळतीमागचा इतिहास: स्टॅक कुठून आला?

प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या दोन-तीन मिनिटांच्या व्हिडिओंमध्ये स्टॅक आला की बुफेच्या टेबलावरची ताटल्यांची चळत येतेच. नवी ताटली वर ठेवायची ती पुश, वरचीच उचलायची ती पॉप; शेवटी ठेवलेली सर्वांत आधी निघते. एवढ्या वेळात यापेक्षा चांगलं चित्र सापडणं कठीण. पण ते फक्त क्रम दाखवतं. असा क्रम कुणाला आणि का हवा होता, हा प्रश्न तसाच राहतो, आणि माझ्या मते नवशिक्याला खरा उपयोग त्याच उत्तराचा होतो.

गरज निर्माण झाली ती परतीच्या पत्त्यामुळे. मोठ्या कामातला पुन्हा पुन्हा लागणारा भाग वेगळा लिहून ठेवला, तर तो संपल्यावर मुख्य कामात नेमकं कुठे परतायचं हे यंत्राच्या लक्षात राहायला हवं. ॲलन ट्युरिंग यांनी १९४५ च्या अखेरीस ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीसाठी एसीई या संगणकाचा आराखडा लिहिला. त्यात परतीची खूण ‘पुरून’ ठेवण्यासाठी BURY आणि ती वर काढण्यासाठी UNBURY अशी सोय होती. एका उपकामातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं सुरू झालं, तरी खुणा उलट्या क्रमाने बाहेर येत. आज आपण ज्याला स्टॅक म्हणतो, तो हाच.

पुढे म्युनिकमध्ये फ्रिड्रिश बाउअर आणि क्लाउस झामेलझोन त्याच युक्तीपर्यंत पोचले, पण वेगळ्या वाटेने. त्यांना गणिती सूत्रं यंत्राकडून डावीकडून उजवीकडे एकाच फेरीत वाचून घ्यायची होती, आणि अडचण होती कंसांची. 2 × (3 + 4) घ्या. 2 आणि गुणाकाराचं चिन्ह वाचलं तरी लगेच गुणता येत नाही, कारण पुढे कंस उघडतो. म्हणून ती दोन्ही तात्पुरती बाजूला काढून ठेवायची. मग 3, अधिक, 4. कंस बंद झाला की सर्वांत शेवटी ठेवलेली बेरीज आधी सोडवायची, उत्तर 7. आता वर उरलेला गुणाकार सोडवायचा, 14. जे शेवटी अडलं ते आधी सुटतं, कारण आतला कंस नेहमी बाहेरच्याच्या आधी बंद होतो. या पद्धतीला त्यांनी जर्मनमध्ये ‘तळघर’ असं नाव दिलं आणि १९५७ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला.

तोवर बऱ्याच यंत्रांत परतीचा पत्ता उपकामाच्या एका ठरावीक जागी लिहिला जाई. त्या उपकामाने स्वतःलाच पुन्हा बोलावलं, तर नवा पत्ता जुन्यावर लिहिला जाऊन पहिली वाट कायमची पुसली जायची. १९६० मध्ये ॲमस्टरडॅमला एड्सखर डाइक्स्ट्रा आणि याप झोनफेल्ड यांनी अल्गोल ६० या भाषेचा कंपायलर तयार केला. त्यात प्रत्येक बोलावण्याला स्टॅकवर स्वतःची नवी जागा मिळाली, म्हणून फंक्शनने स्वतःला बोलावणं, म्हणजे रिकर्शन, सुरळीत चाललं. आजच्या बहुतेक भाषा हीच पद्धत वापरतात.

इथे ताटल्यांचं चित्र दोन ठिकाणी अपुरं पडतं. पहिलं असं, की मेमरीत काहीच हलत नाही. ‘वरचं टोक कुठे आहे’ हे सांगणारा एक आकडा तेवढा बदलतो. पॉप केलेली माहिती नवं काही वर लिहिलं जाईपर्यंत बहुधा तिथेच पडून असते, आणि सी भाषेत संपलेल्या फंक्शनच्या आतल्या चलाचा पत्ता वापरणाऱ्याला कधी बरोबर तर कधी भलतंच उत्तर मिळतं, ते यामुळेच. दुसरं असं, की जागा मर्यादित असते. हे पायथनमध्ये लगेच करून पाहता येतं:

```python
def f(n):
    return n + f(n - 1)

f(3)
```

f(3) ला f(2) चं उत्तर हवं, त्याला f(1) चं, मग f(0), f(-1)... थांबायची अटच नाही, त्यामुळे कुणीच परतत नाही आणि चळत वाढत जाते. पायथन साधारण 1000 थरांवर स्वतःहून थांबतो आणि RecursionError दाखवतो. त्याच्या वर एकच ओळ पुन्हा पुन्हा छापलेली दिसली, तर थांबायची अट विसरली आहे किंवा तिच्यापर्यंत काम पोचतच नाही, असं समजावं. `return` च्या आधी ही ओळ घाला:

```python
    if n == 0: return 0
```

आता f(0) हा सर्वांत वरचा थर 0 घेऊन परततो, f(1) ला 1 मिळतो, f(2) ला 3, आणि तळाशी थांबलेल्या f(3) ला 6. पण f(-1) दिलं तर तीच चूक पुन्हा येईल, कारण उणे संख्येपासून एकेक वजा करत गेलं तर शून्य कधीच लागत नाही.