गच्चीच्या कामाआधी तुमच्या हातात येणारा जोखीम तक्ता : तो कसा वाचायचा

(वॉटरप्रूफिंगचं काम देणाऱ्या सोसायट्यांसाठी माहितीपत्रक, ठाणे)

आमच्या कोटेशनच्या मागच्या पानावर एक तक्ता असतो. कमिटीतली बरीच मंडळी दर, गॅरंटी आणि पैसे किती हप्त्यांत द्यायचे एवढं पाहून सही करतात आणि हे पान तसंच राहतं. आमची विनंती आहे की ते पान आधी वाचा, कारण त्यात काही ओळींसमोर तुमच्याच कमिटीतल्या माणसाचं नाव लिहायचं असतं आणि त्याला विचारल्याशिवाय आम्ही ते लिहीत नाही.

पाचपाखाडीतल्या एका सात मजली इमारतीचं उदाहरण घेऊ. गच्ची ३,६०० चौरस फूट, जुना ब्रिकबॅट कोबा साधारण ५ इंच जाड. तो तोडायचा, स्लॅबच्या भेगा भरायच्या, वॉटरप्रूफिंगचा थर द्यायचा आणि वर नवा कोबा करायचा. काम १३ एप्रिलला सुरू होऊन २२ मेपर्यंत संपवायचं ठरलं होतं. कमिटीच्या बैठकीत बसून भरलेला तक्ता असा होता :

| क्र. | काय होऊ शकतं | शक्यता | परिणाम | गुण | उपाय | जबाबदार |
|---|---|---|---|---|---|---|
| १ | मे महिन्यात पाऊस आला, उघडा स्लॅब भिजला, सातव्या मजल्यावर पाणी उतरलं | ३ | ५ | १५ | गच्ची तीन भागांत करणे. १ मेपासून ताडपत्री जागेवर | आमचे सुपरवायझर |
| २ | डिश अँटेना आणि सोलर हीटरचे स्टँड वेळेत हलले नाहीत, तोडकाम अडलं | ४ | ३ | १२ | ५ एप्रिलपर्यंत प्रत्येक घराला तारीख देणे | सोसायटीचे सचिव |
| ३ | कोब्याखाली सळई गंजलेली निघाली, काम आणि खर्च वाढला | ३ | ४ | १२ | काम सुरू होण्याआधी तीन जागी उघडून पाहणे | आमचे इंजिनियर |
| ४ | डेब्रिजचा ढीग स्लॅबच्या मधोमध साठला, स्लॅबवर भार आला | २ | ५ | १० | रोजचं डेब्रिज रोज खाली. गोण्या फक्त बीमवर | आमचे मुकादम |
| ५ | पाण्याचा शटडाऊन आला, क्युरिंग किंवा पाणी साठवण्याची चाचणी अडली | ३ | २ | ६ | टँकरवाल्याशी आधी बोलून ठेवणे | आमचे सुपरवायझर |

शक्यता आणि परिणाम दोन्ही १ ते ५ मध्ये मोजतो आणि त्यांचा गुणाकार म्हणजे गुण. गुण १५ किंवा जास्त असतील तर उपाय ठरल्याशिवाय आम्ही काम सुरू करत नाही. ८ ते १४ गुणांच्या ओळींकडे दर शनिवारी पाहतो. त्याखालच्या ओळी फक्त लक्षात असू द्यायच्या.

आकडे मनाने टाकायचे नसतात, नाहीतर सगळीकडे ३ आणि ३ पडतं आणि तक्त्याचा काही उपयोग राहत नाही. परिणामाच्या आकड्यांचा अर्थ आम्ही आधी ठरवून घेतो. १ म्हणजे अर्धा दिवस वाया. ३ म्हणजे आठवडाभर खोळंबा. ५ म्हणजे कोणाच्या तरी घरात पाणी शिरणं किंवा माणसाला इजा होणं. शक्यतेत १ म्हणजे असं सहसा होत नाही, ३ म्हणजे होईलही आणि नाहीही, ५ म्हणजे होणार हे धरूनच चालायचं.

पहिल्या ओळीवर त्या बैठकीत बराच वेळ गेला. सचिवांचं म्हणणं, शक्यता १ टाका, मुंबईत मान्सून ११ जूनला येतो आणि आपलं काम २२ मेला संपतंय. ११ जून ही सरासरीने ठरलेली तारीख आहे, हे बरोबर. पण २०२५ मध्ये मान्सून मुंबईत २६ मेलाच पोचला होता, आणि मान्सूनच्या आधीची वादळी सर मे महिन्यात कधीही येऊ शकते. भिजलेल्या स्लॅबला ती सर मान्सूनची होती की आधीची याने काही फरक पडत नाही. म्हणून आम्ही ३ वर ठाम राहिलो. हेच काम फेब्रुवारीत घेतलं असतं तर त्याच ओळीत आम्हीच १ टाकला असता. शक्यता वेळापत्रकावरून ठरते. गेल्या वर्षी शेजारच्या सोसायटीत काय झालं, त्यावरून आकडा टाकू नका.

आता उपायाने नेमकं काय बदलतं ते पाहा. पाऊस थांबवणं कोणाच्या हातात नाही, त्यामुळे गच्चीचे तीन भाग केले तरी शक्यता ३ च राहते. बदलतो तो परिणाम. १,२०० चौरस फुटांचा एक भाग तोडायचा, त्यावर वॉटरप्रूफिंगचा थर देऊन तो बंद करायचा, आणि मगच दुसऱ्या भागाला हात लावायचा. पाऊस आलाच तर उघडा असतो तो एकच तुकडा, आणि तेवढ्यावर ताडपत्री अर्ध्या तासात पसरता येते. परिणाम ५ वरून २ वर आला, गुण १५ वरून ६ वर.

दुसऱ्या ओळीत याच्या उलट होतं. अँटेना वेळेत हलले तर शक्यता ४ वरून १ वर येते, पण नाहीच हलले तर खोळंबा तेवढाच होणार, म्हणजे परिणाम ३ च. म्हणूनच आम्ही दोन्ही आकडे वेगळे ठेवतो. नुसता गुण लिहिला तर उपाय कशावर काम करतोय ते कळत नाही.

उपाय फुकट होत नाही, हेही कमिटीला आधीच सांगतो. तीन भाग केले की दर भागाला पाळ घालून वेगळी चाचणी घ्यावी लागते आणि काम ४ दिवसांनी वाढतं. इथे शेवट २२ मेवरून २६ मेवर गेला, म्हणजे पावसाच्या आणखी जवळ. तरीही आम्ही तेच निवडलं, कारण शेवटच्या आठवड्यात गच्चीचा दोनतृतीयांश भाग आधीच बंद झालेला असतो.

गुणाकाराची एक मर्यादा आहे. चौथ्या ओळीचे गुण १०, दुसरीचे १२. आकड्यांवर जाल तर अँटेना आधी येतात. पण अँटेना राहिले तर दिवस जातात, आणि स्लॅबवर नको तिथे भार आला तर जीवावर बेतू शकतं. १,२०० चौरस फुटांवरचा ५ इंच कोबा म्हणजे ५०० घनफूट, आपल्या भाषेत ५ ब्रास, वजनाने पंचवीस टनांच्या आसपास. कोबा जोवर पसरलेला असतो तोवर स्लॅब ते वजन सहज पेलतो. तोडून एका जागी ढीग केला की तेच वजन थोड्याशा जागेवर येतं. म्हणून आमचा नियम असा की परिणामात ५ असेल तर गुण कितीही असोत, ती ओळ लाल. संध्याकाळी काम थांबल्यावर गच्चीवर कंबरेएवढा ढीग दिसला तर मुकादमाची वाट पाहू नका, लगेच फोन करा.

आता शेवटचा रकाना, जबाबदार. तिथे एकाच माणसाचं नाव आणि मोबाइल नंबर असतो. 'सोसायटी', 'कंत्राटदार' किंवा 'दोघे मिळून' असं लिहिलं की ते काम कोणाचंच नसतं. हे आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका कामात अँटेनांच्या ओळीत आम्हीच 'सोसायटी' असं लिहिलं होतं. काम सुरू झालं त्या सकाळी आमची माणसं ब्रेकर घेऊन वर गेली, तर गच्चीवर अकरा डिश, वायरी कठड्याला गुंडाळलेल्या, आणि दोन घरांना कुलूप, कारण माणसं गावी गेलेली. अध्यक्षांना वाटत होतं सचिवांनी सांगितलं असेल, सचिवांना वाटत होतं आम्ही नोटीस लावली असेल. नऊ दिवस गेले आणि शेवटचा कोबा आम्ही पावसाच्या सरी चुकवत टाकला. ज्या घरांचे अँटेना होते त्यांना यात दोष नव्हता. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

जबाबदार म्हणजे ते काम करू शकणारा आणि वेळेत करून घेणारा माणूस. पैसे कोण देणार हा वेगळा प्रश्न आहे आणि तो करारात येतो. सळई गंजलेली निघाली तर दुरुस्तीचा खर्च सोसायटीचा, पण ती आहे का हे आधी शोधून काढण्याची जबाबदारी आमच्या इंजिनियरची. सचिवांच्या घराघरांत ओळखी असतात, त्यामुळे अँटेनांचं काम ते दोन दिवसांत करून घेतात. आमच्या सुपरवायझरने प्रत्येक बेल वाजवली तरी ते जमत नाही.

उपायाच्या रकान्यात 'लक्ष ठेवणे' किंवा 'काळजी घेणे' असं लिहिलेलं दिसलं तर आम्हाला खोडायला सांगा. उपाय असा हवा की तो झाला की नाही हे बघून सांगता येईल. तिसऱ्या ओळीचा उपाय तसा आहे. कोबा २ फूट बाय २ फूट, तीन जागी उघडायचा : पावसाच्या पाइपाच्या तोंडाजवळ, कठड्याच्या कोपऱ्यात आणि सातव्या मजल्यावर जिथे डाग पडलाय त्याच्या बरोबर वर. हातोडीने ठोकल्यावर स्लॅब पोकळ वाजला किंवा भेगेच्या कडेने गंजाचा तांबूस डाग दिसला तर आत सळई फुगलेली असते. या इमारतीत पाइपाजवळच्या जागी तसंच निघालं. त्या दिवसापासून ती जोखीम राहिली नाही, घडलेली गोष्ट झाली. आम्ही ती ओळ तक्त्यातून काढली आणि दुरुस्तीचं वेगळं एस्टिमेट कमिटीपुढे ठेवलं. ते काम सुरू होण्याआधी आल्यामुळे सभासदांना विचारायला दहा दिवस मिळाले.

तक्ता कामासोबत बदलतो. दर शनिवारी संध्याकाळी सहा वाजता सुपरवायझर आणि सचिव गच्चीवर भेटतात, पंधरा मिनिटांत आकडे पाहतात, आणि बदललेल्या तक्त्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात. दोन शनिवार एकही आकडा हलला नसेल, तर तक्ता न बघताच फोटो टाकला जातोय असं समजा आणि आम्हाला विचारा.

पाचव्या ओळीचे गुण थोडे असले तरी ती शेवटपर्यंत राहते. चाचणीसाठी एका भागावर २ इंच पाणी साठवायचं म्हणजे सुमारे ५,७०० लिटर लागतात, आणि ते आम्ही ७२ तास ठेवतो. पहिल्या दिवशी कठड्यावर पाण्याची खूण करतो आणि तिन्ही सकाळी सातव्या मजल्यावरच्या घरांची छतं पाहतो. उन्हाने पाणी थोडं उतरतंच, त्यामुळे खरा निकाल छतावर दिसतो. तिसऱ्या भागाची चाचणी झाली की उरलेल्या ओळींवर सुपरवायझर आणि सचिव सह्या करतात. तो कागद गॅरंटीच्या पत्राला जोडून आम्ही सोसायटीच्या फाइलला देतो.